उत्तर आलं, पण कुणाचंच नाही

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात मी अकरा वर्षं डॉक्युमेंटेशन सांभाळते. दिवसाला साठ-सत्तर मेल जातात आणि त्यातल्या निम्म्यांचा पाठपुरावा करावा लागतो. म्हणून मी मेल पाठवतानाच आठवण लावते: इतक्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर हाच मेल पुन्हा माझ्या इनबॉक्सात वर आण. उत्तर आलं तर आठवण आपोआप रद्द होते. या सोयीवर माझा पूर्ण भरवसा होता.

न्हावा शेवाला एका पार्टीचे दोन चाळीस-फुटी कंटेनर उतरले होते. कस्टम्सच्या असेसमेंटमध्ये क्वेरी निघाली आणि माल वेळेत सुटणार नाही हे बुधवारीच कळलं. शिपिंग लाइनचे फ्री डेज, म्हणजे जादा पैसे न भरता कंटेनर ठेवायचे दिवस, रविवारी संपत होते. फ्री डेज वाढवून हवे असतील तर ते संपायच्या आत लेखी मंजुरी घ्यावी लागते, नंतर कुणी ऐकत नाही. बुधवारी संध्याकाळी पाच चाळीसला मी सात दिवस वाढवून मागणारा मेल लाइनला पाठवला आणि दोन दिवसांची आठवण लावली. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी मेल वर यायला हवा होता.

तो आला नाही. शुक्रवारी इतर तीन बिल ऑफ एन्ट्रींची धावपळ होती. आठवण आली नाही, म्हणजे मंजुरी आली असणार, असं मी धरून चालले.

पुढच्या बुधवारी आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल न्यायला कस्टम्सची परवानगी, मिळालं. गाड्या लावण्याआधी आमच्या फील्डच्या मुलाने फोन केला, "मॅडम, डिलिव्हरी ऑर्डरची मुदत संपलीय. लाइन तीन दिवसांचं डिटेन्शन मागतेय." फ्री डेजनंतर कंटेनर अडकून राहिल्याचे हे पैसे, दोन्ही कंटेनरचे मिळून, जीएसटी धरून, जवळपास अठ्ठेचाळीस हजार.

मी तो मेल उघडला. खाली उत्तर होतं, पाच एकेचाळीसचं: आपला मेल मिळाला, तिकीट क्रमांक अमुक, आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील. कुणा माणसाने ते लिहिलंच नव्हतं. पण आठवण लावणाऱ्या प्रोग्रॅमला एवढंच कळतं की त्याच धाग्यात समोरून काहीतरी आलं. लावल्यानंतर एका मिनिटात माझी आठवण रद्द झाली होती.

त्या रात्री मी त्या पोचपावतीचं मूळ रूप उघडून पाहिलं. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांत "Show original" असतं. त्यात या ओळी होत्या:

```
In-Reply-To: <माझ्या मेलचा आयडी>
Auto-Submitted: auto-replied
```

पहिल्या ओळीमुळे ती पोचपावती माझ्या मेलचं उत्तर म्हणून जोडली गेली. दुसरी ओळ स्पष्ट सांगते की हे यंत्राने पाठवलंय. स्वयंचलित उत्तरांवर अशी खूण असावी, असं 2004 सालच्या आरएफसी 3834 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. लाइनच्या सिस्टिमने ती खूण लावली होती. आमच्या प्रोग्रॅमने ती वाचली नाही, याचा मला आजही राग येतो. अर्थात सगळ्याच तिकीट सिस्टिम ही ओळ लावत नाहीत, त्यामुळे नुसतं तिच्यावर विसंबूनही चालत नाही. रजेवर असलेल्या माणसाचं "मी सोमवारी भेटेन" हेही असंच उत्तर म्हणून धरलं जाऊ शकतं.

उलटंही होतं. लाइनमधली काही मंडळी 'रिप्लाय' न करता कंटेनर नंबर विषयात घालून नवा मेल टाकतात. तो धाग्यात जात नाही, मग मिळालेल्या मंजुरीसाठी आठवण येते आणि आपण पुन्हा विचारून बोलणी खातो. पण तिथे फक्त बोलणी खावी लागतात, पैसे जात नाहीत.

आता लाइन, टर्मिनल, बँक अशा सामायिक पत्त्यांवर जाणाऱ्या मेलना मी 'उत्तर आलं तरीही परत आण' हाच पर्याय लावते. फालतू आठवणी वाढल्या आहेत, त्या हाताने बंद करते. दिवसही मेल पाठवल्यापासून मोजत नाही, मुदतीपासून मागे मोजते. मुदत रविवारी असेल तर आठवण गुरुवारी सकाळी, म्हणजे लाइनच्या ऑफिसात फोन उचलायला माणूस असताना दोन कामाचे दिवस हातात राहतात.

सर मला काही बोलले नाहीत. पार्टीला बिल लावायचं नाही, आपल्या एजन्सीतून भरायचं, एवढंच म्हणाले. पण एक गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही. ती पोचपावती बुधवारी आली तेव्हा मी सीएसएमटीच्या दिशेने निघाले होते. फोनवर लाइनचं नाव दिसलं, पहिली अर्धी ओळ वाचली आणि बोटाने बाजूला सारली. तो मेल उत्तर नाही हे मला तेव्हा कळलं होतं. आठवण आहेच, म्हणून मी ते डोक्यातून काढून टाकलं.

तिकिटाला अजून कुणाचं उत्तर आलेलं नाही.