चौदा पानं आणि मागची भिंत

त्या शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता मी एका क्लासच्या ऑफिसात, फोनच्या टेबलाशेजारी वही घेऊन बसले होते. प्रवेशाचे दिवस होते. आठवी ते दहावीचं गणित आणि विज्ञान शिकवणारा क्लास, चालवणारे सर अनुभवी, मुलं समाधानी. तक्रार एकच होती. वेबसाइटवर आजूबाजूच्या चौदा वस्त्यांच्या नावाने चौदा पानं लिहून घेतली होती, तरी त्या वस्त्यांमधून वेबसाइट पाहून कोणी येत नव्हतं. सरांना वाटत होतं, पानं कमी पडली. आणखी दहा लिहून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

आदल्या रात्री मी ती चौदाही पानं ओळीने वाचली होती. दुसऱ्या पानापासून वाचावं असं काही उरलंच नाही. प्रत्येक पानाची सुरुवात अशी: ‘तुम्ही अमुक वस्तीत गणिताचा उत्तम क्लास शोधत आहात का? मग तुम्ही योग्य ठिकाणी आला आहात.’ पुढे अनुभवी शिक्षक, वैयक्तिक लक्ष, नियमित चाचण्या. वस्तीचं नाव तेवढं बदललेलं, बाकी शब्द न् शब्द तोच. आपली पानं गूगलला कशी दिसतात आणि त्यांवर किती लोक येतात ते दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पाहिलं तर चौदापैकी आठ पानांवर `Crawled - currently not indexed` असा शेरा होता. म्हणजे गूगलने पान वाचलं आणि नोंदीत घेतलं नाही. आणखी दोन पानं दुसऱ्या पानाची नक्कल म्हणून बाजूला काढलेली होती. नोंदीत आलेल्या चार पानांवरही जवळपास कोणी आलं नव्हतं. सर्च कन्सोल सोळा महिन्यांची आकडेवारी ठेवतं. त्या सोळा महिन्यांत चौदा पानांवर मिळून नऊ क्लिक झाले होते.

वस्तीचं नाव बदलून तेच पान पुन्हा छापणं गूगलच्या स्पॅम धोरणात ‘डोअरवे’ या नावाने मोडतं. दार वेगळं दिसतं, पण आत गेल्यावर खोली तीच. सरांना मी एवढंच म्हटलं, “सर, आणखी दहा लिहिली तर आणखी दहा बाहेर पडतील. मला एक दिवस तुमच्या फोनपाशी बसू द्या.”

फोनपाशी बसण्याचं कारण होतं. लोक काय शोधून आपल्यापर्यंत येतात ते सर्च कन्सोल दाखवतं खरं, पण फार थोड्या लोकांनी टाइप केलेले शब्द ते गोपनीयतेसाठी लपवतं. मोठ्या दुकानाला त्याने फरक पडत नाही. एका वस्तीपुरत्या क्लासच्या बाबतीत मात्र नेमके कामाचे शब्दच त्यात झाकले जातात. महिन्याला पाच-सात जणच विचारतात, असे ते प्रश्न. ते मिळण्याची जागा एकच, फोन.

ऑफिस सांभाळणाऱ्या ताईंना मी सांगितलं होतं की समोरचा माणूस ठिकाणाबद्दल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत मला मोठ्याने परत सांगा. दुपारपर्यंत तेवीस फोन आले. फीबद्दलचे प्रश्न मी लिहिलेच नाहीत. बाकीचे असे होते:

“टाकीच्या अलीकडे की पलीकडे?”

“फाटक ओलांडून यावं लागतं का? मुलगी सायकलवर येणार.”

“संध्याकाळची बॅच सुटल्यावर बस मिळते का?”

“टाकीखालचा क्लास तो हाच ना?”

तेवीसपैकी नऊ जणांनी टाकी हा शब्द वापरला. पाण्याची जुनी टाकी, क्लासपासून शंभर पावलांवर. मी लॅपटॉपवर अख्ख्या वेबसाइटमध्ये हा शब्द शोधला. एकदाही नव्हता. पत्त्यात प्लॉट क्रमांक होता, वसाहतीचं नोंदणीतलं नाव होतं, पण ते नाव त्या दिवशी एकाही माणसाच्या तोंडून आलं नाही. चौदा पानांमध्ये जी नावं वापरली होती तीही कागदावरचीच, नकाशावरून उतरवलेली.

साडेअकराच्या सुमाराला एका आईंचा फोन आला. ताई बोलत होत्या, “हो हो, या ना, समोरच आहे.” मग थांबल्या. “भिंत? कसली भिंत?” त्या बाई नकाशावर क्लासचं नाव टाकून आल्या होत्या आणि ‘आपण पोहोचलात’ हे ऐकून एका कुंपणभिंतीसमोर उभ्या होत्या. सोबत मुलगा, वरून ऊन. ताई म्हणाल्या, “तुम्ही मागच्या गल्लीत आहात, वळसा घालून पुढे या.” त्या दहा मिनिटांनी आल्या, तेव्हा ताई मला हळूच म्हणाल्या, “असं रोज एखादं तरी होतं. काही जण तिथूनच परत जातात.”

मी त्यांच्याबरोबर बाहेर जाऊन पाहिलं. गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये, म्हणजे नकाशावर आणि शोधात दिसणाऱ्या क्लासच्या माहितीत, क्लासची खूण इमारतीच्या मागच्या बाजूला पडली होती. पत्ता टाइप केल्यावर नकाशाने अंदाजाने जिथे ठेवली तिथेच ती राहिली होती, हाताने कोणी सरकवलीच नव्हती. त्यामुळे रस्ता दाखवताना नकाशा मागच्या गल्लीतून आणत होता, आणि मागे दार नाही. आदल्या रात्री मी केवळ पानांवर विचार करत होते. पान कितीही चांगलं लिहिलं असतं तरी ते वाचून निघालेला माणूस या भिंतीशीच येऊन थांबला असता. तिथेच उभं राहून सरांच्या फोनवरून प्रोफाइल उघडलं, खूण पुढच्या दाराच्या पायरीवर आणली, आणि बोर्डसकट दाराचा फोटो रस्त्याच्या पलीकडून काढून टाकला. पालकांना येताना जे दिसतं तेच फोटोत असायला हवं. आतल्या बाकांचे फोटो आधीपासून भरपूर होते, बाहेरचा एकही नव्हता. बदल दोन-तीन दिवसांत दिसायला लागला.

सरांची त्यावरची सूचना होती की प्रोफाइलमधल्या नावालाच ‘टाकीजवळ गणित विज्ञान’ जोडून टाकू. मी ठाम नाही म्हटलं. प्रोफाइलवर बोर्डावर आहे तेच नाव चालतं. नावात विषय किंवा जागेचे जादा शब्द घुसवले तर प्रोफाइलच बंद केलं जाऊ शकतं, आणि प्रवेशाच्या दिवसांत ते परवडणारं नव्हतं. टाकी हा शब्द वर्णनात आणि पानावर येणार होता, तिथेच तो शोभतो.

दुपारी आम्ही प्रवेशाची नोंदवही काढली. दोन वर्षांची मुलं राहत्या भागाप्रमाणे मोजली, तर चित्र अगदी स्वच्छ दिसलं. बहुतेक मुलं तीनच बाजूंनी येत होती: टाकीच्या आसपासची, फाटकापलीकडची, आणि बसच्या रस्त्यावरच्या वसाहतींमधली. चौदापैकी पाच वस्त्यांमधून एकही मूल नव्हतं. सरांनी थोडं हिरमुसून विचारलं, “म्हणजे लांबच्यांना आपण दिसणारच नाही?” मला हे गुळमुळीत सांगायचं नव्हतं. नकाशासोबत जी यादी येते तिच्यात शोधणारा माणूस कुठे आहे त्याला मोठं वजन असतं. त्याने जे शोधलं त्याच्याशी जुळणी आणि क्लास किती परिचित आहे हे दोन मुद्दे असतातच, पण सात किलोमीटरवर बसलेल्याने ‘जवळचा क्लास’ शोधलं तर त्याला त्याच्याजवळचेच दिसणार. लेखनाने ते अंतर कमी होत नाही. लेखनाने जे साधतं ते वेगळं आहे. कोणी वस्तीचं नाव किंवा खूण टाइप करून शोधलं, तर यादीखालच्या साध्या निकालांत आपलं पान येऊ शकतं. तेही त्या पानात त्या बाजूच्या माणसाला उपयोगी असं काही असेल तरच.

म्हणून चौदाऐवजी तीन पानं ठरली. वस्तीनिहाय नाही, येण्याच्या वाटेनिहाय. फाटकापलीकडच्या पानासाठी मी चार वाजता ताईंच्या मुलाची सायकल घेऊन स्वतः पलीकडे गेले आणि परत आले. फाटक बंद होतं, सहा मिनिटं थांबावं लागलं. थांबलेले दोघे म्हणाले, या वेळेला असंच असतं, म्हणून शाळेची मुलं खालच्या भुयारी वाटेने जातात. ती वाट चौदा पानं लिहिणाऱ्याला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. त्या पानाची सुरुवात मी अशी केली:

‘फाटकापलीकडून येणाऱ्या मुलांसाठी पाच वाजताची बॅच आहे. सायकलने साधारण बारा मिनिटं लागतात. संध्याकाळी फाटक बंद असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे आमची बहुतेक मुलं भुयारी वाटेने येतात. बाहेर पडल्यावर पाण्याची टाकी दिसते, तिच्या अलीकडच्या रस्त्यावर डावीकडे तिसरं दार. पावसात वाटेत पाणी भरलं तर त्या दिवशी उशिरा येणाऱ्यांसाठी पहिली वीस मिनिटं उजळणी घेतली जाते.’

शेवटचं वाक्य सरांचं. उजळणीचं ते वर्षानुवर्षं करत होते, ते लिहिण्यासारखं आहे हे त्यांना वाटलंच नव्हतं. पानाच्या शीर्षकात ‘फाटकापलीकडील मुलांसाठी आठवी ते दहावी गणित क्लास’ एवढंच. खाली त्या बाजूने येणाऱ्या दोन पालकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. वस्तीचं नाव ओघात दोनदा आलं, तेवढं पुरलं. मराठीत आणि रोमन लिपीत सगळी रूपं कोंबायची गरज नव्हती. लोक `taki javal maths class` असंही टाइप करतात हे मला माहीत आहे, पण तशी वाक्यं पानावर पेरली की वाचणाऱ्या पालकाला ती खटकतात.

जुन्या पानांपैकी तीन पानांच्या जागी नवा मजकूर गेला. सहा पानं त्या त्या वाटेच्या नव्या पानाकडे 301 ने कायमची वळवली. उरलेली पाच, जिथून कोणी येतच नव्हतं, ती सरळ काढून टाकली. ती मुख्य पानाकडे वळवू असं सरांना वाटत होतं, पण मजकुराचा संबंध नसताना वळवलं तर गूगल ते पान हरवल्यासारखंच धरतं, मग उगाच गुंता कशाला.

तिन्ही पानं पाच आठवड्यांत नोंदीत आली. क्लिक थोडेच होते, आणि थोडेच असणार हे मी आधी सांगितलं होतं. खरी मोजणी ताईंच्या टेबलावर चालू ठेवली: प्रत्येक नव्या फोनला ‘आमच्याबद्दल कुठे पाहिलंत’ आणि ‘कुठून येणार’ असे दोन रकाने. तिसऱ्या महिन्याअखेर फाटकापलीकडच्या सात पालकांनी पान वाचून फोन केला होता. त्यातल्या एका बाबांनी फोन उचलताच विचारलं, “पाणी भरल्यावरची उजळणी अजून घेता ना?”

मागच्या आठवड्यात ताईंचा निरोप आला की भुयारी वाट दुरुस्तीसाठी महिनाभर बंद राहणार आहे. मी त्याच रात्री पानाची दुसरी-तिसरी ओळ बदलली, बॅच पंधरा मिनिटं पुढे नेल्याचं लिहिलं, आणि वाट पुन्हा सुरू व्हायची तारीख वहीत टिपून ठेवली.