सराव मुलाखतीत मी दिलेले एक चुकीचे आश्वासन

कॉल सेंटरच्या मुलाखतीला 2 दिवस उरले असताना मैत्रिणीने माझा सराव घेतला. तिने हे काम पूर्वी केले होते. फोनवर चेहरा दिसत नाही आणि हसून वेळ मारून नेण्याची माझी सवय मोडायला हवी, म्हणून तिने मला पाठमोरे बसवले आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केले. स्वतःची ओळख आणि रात्रपाळीची तयारी हे प्रश्न लवकर उरकले. मग ती ग्राहक झाली.

"एकाच बिलाचे पैसे माझ्या खात्यातून दोनदा गेले आहेत. तुम्ही लोक करता तरी काय?"

"माफ करा, मॅडम. आपल्याला त्रास झाला, त्याबद्दल माफ करा."

"माफी नको, पैसे हवेत."

"माफ करा. मी तपासते."

मी तपासण्याचा अभिनय करीत गप्प बसले. 20 सेकंदांनी तिनेच विचारले, "आहात ना?"

"हो, मॅडम. आपले पैसे उद्यापर्यंत नक्की परत मिळतील."

तिने रेकॉर्डिंग थांबवले. "तीनदा माफी मागितलीस, पण बिल हा शब्द एकदाही उच्चारला नाहीस. तिचे म्हणणे तुला कळले, हे तिने कशावरून ओळखायचे?" मला हे लागले, परंतु रेकॉर्डिंग ऐकल्यावर वाद घालायला जागा उरली नाही. शिवाय मी नाव किंवा नोंदणीकृत मोबाइल क्रमांक काहीच विचारले नव्हते. ओळख पटल्याशिवाय खात्याची माहिती दिली, तर ती भलत्याच माणसाच्या हाती जाऊ शकते. शांततेबद्दल ती म्हणाली की, होल्डवर ठेवण्यापूर्वी ग्राहकाची परवानगी घ्यावी आणि किती वेळ लागेल ते सांगावे, नाहीतर कॉल तुटला असेच त्याला वाटते.

सर्वांत गंभीर चूक मात्र 'उद्यापर्यंत नक्की' ही होती. पैसे खरोखर दोनदा जमा झाले आहेत की दुसरा व्यवहार अपूर्ण राहून आपोआप उलटणार आहे, हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि परतावा मंजूर करण्याचा अधिकार बहुधा फोन घेणाऱ्याकडे नसतो. तोच ग्राहक परवा दुप्पट रागाने फोन करतो आणि तुझे वाक्य रेकॉर्डिंगमध्ये सापडते, असे तिने बजावले.

दुसऱ्या फेरीत मी घाईने थेट मोबाइल क्रमांकच मागितला, तेव्हा तिने पुन्हा थांबवले. आधी ऐकून घे, मग विचार. तिसऱ्या फेरीत मी म्हणाले, "एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले, म्हणजे आपला राग रास्तच आहे. तपासणीसाठी आपला नोंदणीकृत क्रमांक सांगाल का? मग 2 मिनिटे होल्डवर ठेवू का?" शेवटी मी परताव्याची तारीख न देता तक्रार क्रमांक दिला आणि पुढचा टप्पा समजावून सांगितला.

"आता बरे आहे," ती म्हणाली, "पण वाक्याच्या शेवटी तुझा आवाज अजूनही गिळला जातो."