सही आधी, मैत्री आहेच

"मित्रच आहात ना सगळे, मग भाडं-लाइटबिल कागदावर लिहून सह्या कशाला घेतोस?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अविश्वास नाही हो, पण हे लिहायची वेळ सगळे खुशीत असतानाच असते. मालकाशी झालेल्या करारावर आम्हा तिघांच्या सह्या होत्या, त्याला तारखेला पूर्ण भाडं हवं, कोण राहिलं नि कोण गेलं हा त्याचा प्रश्नच नव्हता.

आमच्यातला एक 25 तारखेला म्हणाला, परवा निघतोय, दुसरीकडे नोकरी लागली, काय असेल ते डिपॉझिटमधून कापून घ्या. कापणार कशातून? डिपॉझिट मालकाकडे, आणि फ्लॅट रिकामा होईपर्यंत तो एकाचा हिस्सा सुटा देईना. वर ह्याला तो लगेच हवा होता, आमच्या खिशातून! नवा माणूस मिळेपर्यंत त्याच्या खोलीचं भाडं आम्ही दोघांनी भरलं. कॉलेजपासूनचा मित्र, शेवटी फोन उचलेना, ते जास्त लागलं.

मग लाइटबिल आलं. 420 युनिट, त्यातले त्याच्या एसीचे सबमीटरवर 180. उरलेले 240 तिघांचे, पण बिलाचे 30 दिवस आणि तो 18 दिवस राहिलेला. रोजचे 8 धरले तर 18 दिवसांचे 144, तिघांत 48, म्हणजे त्याचे एकूण 228 आणि आमचे 96-96. तो म्हणाला रोज 8 कशावरून? बरोबरच होतं त्याचं, निघायच्या दिवशी मेन मीटरचा फोटो कोणीच काढला नव्हता, नाहीतर वादच नव्हता. दर कुठला लावायचा हे तर अजून ठरलेलं नाही. वापर वाढला की वरचे युनिट महाग पडतात, तो सरासरी दर म्हणत होता, आम्ही म्हणत होतो एसी नसता तर वरच्या स्लॅबमध्ये गेलोच नसतो. कधी त्याचंही पटतं मला.

आता आमच्या कागदावर आहे की एक महिन्याची नोटीस, ती ग्रुपवर लिहून द्यायची, आणि नोटीसच्या महिन्याचं भाडं जाणाऱ्याने भरायचं. डिपॉझिट नवा येणारा जाणाऱ्याला देईल. नवा माणूस जाणाऱ्याने आणायचा, पण उरलेल्यांनी कारण न देता दोनदा नाही म्हटलं तर नोटीस संपल्यावर त्याच्याकडून काही मागायचं नाही, कारण मुद्दाम अडवणारेही असतात.

एवढं करूनही एक कलम अडलंय. ज्याची नोकरीच गेली त्याच्याकडून नोटीसचं भाडं घ्यायचं का? पूर्वी मी म्हणायचो, अजिबात नाही, माणूस आहे तो. पण मग त्याचा वाटा कोण भरणार, ज्याचा पगार कसाबसा पुरतो तो? माझा रूममेट म्हणतो हप्त्याने घेऊ. मी अजून सही केलेली नाही त्या ओळीवर.