बाटलीवरचा डोंगर

मे महिन्यात नागपुरात पाण्याची बाटली घेताना लेबल वाचायला कोण थांबतो? थंड आहे ना, मग झालं. मला मात्र खोड आहे. बर्डीवरच्या टपरीवर बाटली हातात पडली की कपाळावरचा चष्मा नाकावर येतो. टपरीवाला हसतो, "काका, पानी तं पानीच हाय, त्यात काय वाचता?"

वाचायचं ते डोंगराच्या चित्राखाली, बारीक अक्षरांत असतं. 'नॅचरल मिनरल वॉटर' लिहिलेलं पाणी झऱ्यातून किंवा जमिनीखालच्या साठ्यातून घेऊन उगमाजवळच भरावं लागतं आणि त्यातले मूळ क्षार बदलता येत नाहीत. म्हणून त्या बाटलीवर उगमाचं नाव असतं. 'हिमालयन'चं पाणी हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यातलं, 'एव्हियन'चं फ्रान्समधल्या त्याच नावाच्या गावचं. आपण एरवी पितो ते 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर'. ते बोअरचंही असू शकतं, नळाचंही. उगमाऐवजी तिथे कारखान्याचा पत्ता सापडतो. मोठ्या ब्रँडचं मुख्य कार्यालय मुंबईत असलं, तरी पाणी कुठेतरी जवळपासच भरलेलं असतं, कारण पाणी लांबून ट्रकने आणणं परवडत नाही. चित्रातला डोंगर बर्फाचा असला म्हणून काय झालं!

खरी गंमत पुढे आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम मुळातच असतं. गिझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर त्याचाच. कारखान्यात आरओच्या पडद्यातून जाताना यातलं बहुतेक सगळं निघून जातं आणि पाणी सपक लागायला लागतं. पण नियम सांगतो की पॅकबंद पाण्यात लिटरमागे कॅल्शियम किमान 20 आणि मॅग्नेशियम किमान 10 मिलीग्रॅम हवं. मग काढलेलंच पुन्हा मोजून घालायचं! लेबलवरचं 'विथ अॅडेड मिनरल्स' ते हेच. त्यातून चव सुधारते, हे खरं.

तब्येतीचं म्हणाल तर हिशेब सोपा आहे. 20 मिलीग्रॅमच्या पाण्याचे तीन लिटर दिवसभरात प्यायलात तर 60 मिलीग्रॅम कॅल्शियम पोटात जातं. मोठ्या माणसाला रोज साधारण 1000 लागतं. एव्हियनमध्ये लिटरमागे 80 आहे, म्हणजे तीन लिटरला 240. तेवढं आपल्या कपभर दुधात मिळतं, आणि दूध कितीतरी स्वस्त. क्षारांचे आकडे बघून महाग बाटली उचलणं मला पटत नाही. चवीसाठी घेत असाल तर घ्या, त्यात वाद नाही.

मी स्वतः क्षारांपेक्षा परवान्याचा चौदा आकडी नंबर, भरल्याची तारीख आणि झाकणाचं सील बघतो. लग्नाच्या हॉलमध्ये येणाऱ्या थंड पाण्याच्या वीस लिटरच्या जारवर यातलं बहुधा काहीच नसतं. तिथे माझा चष्मा कपाळावरच राहतो आणि मी यजमानांच्या घरचा माठ कुठे आहे ते विचारतो.