एक मिनिट पन्नास सेकंद

जुलैतली दुपार होती. स्क्रीनवर चाचणी देणाऱ्या मुलीच्या नावासमोरचा हिरवा ठिपका राखाडी झाला आणि मी घड्याळ बघितलं. 3 वाजून 12 मिनिटं. त्या दिवसाचं गुणपत्रक मी अजून उघडून बघते.

मी बेळगावात शहापूरला राहते आणि घरूनच चॅट सपोर्टचं काम करते. ग्राहकाला लिहून उत्तर द्यायचं काम, फोन नाही. दोन वर्षं स्वतः चॅट घेतल्या, आता नव्या मुलांची मॉक चॅट घेते. म्हणजे मी खोटा ग्राहक होते, एका वेळी दोन ग्राहक, आणि समोरचा उमेदवार दोन्ही खिडक्या सांभाळतो. वीस मिनिटांचा खेळ. त्याच्या आधी टायपिंगची चाचणी झालेली असते.

त्या टायपिंगबद्दल आमच्याकडच्या मुलांचा मोठा गैरसमज आहे. क्लासमध्ये समोरचा कागद बघून बडवायला शिकवतात. चाचणीत पाच अक्षरांचा एक शब्द धरतात, मोकळी जागासुद्धा अक्षरातच मोजतात. पाच मिनिटांत 900 अक्षरं झाली तर 180 शब्द, म्हणजे मिनिटाला 36. त्यात न सुधारलेल्या पाच चुका राहिल्या तर मिनिटाला एक शब्द वजा, हाती 35. आमची अट तेवढीच आहे. पण चॅटमध्ये कागद नसतो. समोरच्याचं वाचायचं, विचार करायचा आणि स्वतःचं वाक्य लिहायचं. तिथे 58 चा वेग असलेली मुलं बसून राहतात.

त्याच दिवशी सकाळी असा एक मुलगा आला होता, निपाणीकडचा. बोटं विजेसारखी. मी ग्राहक म्हणून पहिल्याच ओळीत ऑर्डर नंबर दिला आणि लिहिलं की माझ्या खात्यातून पैसे दोनदा गेलेत. त्याचं उत्तर बारा सेकंदांत आलं: गैरसोयीबद्दल क्षमस्व, कृपया ऑर्डर नंबर द्या. नंबर वरच होता. पाठ केलेली वाक्यं तो ओतत राहिला. शेवटी म्हणाला, आजच्या आज पैसे परत मिळतील. हे वचन द्यायचा अधिकार चॅटवर बसणाऱ्याला नसतो, पैसे बँकेकडून परत यायचे असतात. मी त्याला नापास केलं आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

ही मुलगी दुपारी आली. खानापूर तालुका, जांबोटीच्या पुढचं गाव. टायपिंग 36, जेमतेम पार. तिच्यासाठी मी तीच डबल पैशांची तक्रार ठेवली आणि दुसऱ्या खिडकीत पार्सल 'पोचलं' दाखवतंय पण मिळालं नाही, अशी बाई झाले. त्या बाईच्या तिसऱ्या वाक्यात मी मुद्दाम एक गोष्ट लपवते: आत आईची औषधं आहेत. दहातली सात मुलं ते वाचतच नाहीत.

तिने पैशांच्या खिडकीत विचारलं, बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही नोंदी पूर्ण झालेल्या दिसतात, की एकीपुढे 'पेंडिंग' आहे? मी खुर्चीत सरळ बसले. कारण सगळं तिथेच आहे. एक नोंद पेंडिंग असेल तर बहुतेक वेळा बँकेने ती रक्कम नुसती अडवून ठेवलेली असते, काही दिवसांनी ती आपोआप सुटते. दोन्ही पूर्ण असतील तर मात्र पैसे खरंच दोनदा गेलेत, आणि तक्रार पुढे पाठवावी लागते. हा एक प्रश्न विचारायला आमच्या इथे लागलेल्या मुलांना दोन-दोन महिने लागतात. मी उत्तर दिलं, एक पेंडिंग आहे.

मग ती दुसऱ्या खिडकीत गेली आणि तिने लिहिलं, औषधं असतील तर आधी हे सांगा, आईकडे आजच्यापुरता डोस शिल्लक आहे का? त्यानंतर पार्सल शेजाऱ्यांकडे किंवा वॉचमनकडे दिलंय का ते विचारलं. वाक्यं साधी होती, एका ठिकाणी क्रियापद चुकलं. 'काइंडली डू द नीडफुल' एकदाही नाही.

तेवढ्यात दोन्ही खिडक्यांत एकेक ओळ आली: मी नोंदी तपासते आहे, दोन मिनिटं द्या, मी परत येते. आणि ठिपका राखाडी झाला.

ती परत आली तेव्हा 1 मिनिट 50 सेकंद झाले होते. पैशांच्या खिडकीत तिने पहिली ओळ लिहिली: थांबल्याबद्दल धन्यवाद, पेंडिंग असलेली रक्कम बँक सोडेल, नाही सुटली तर हा चॅट नंबर सांगून आम्हाला कळवा. किती दिवसांत, ते तिने लिहिलं नाही. बरोबर केलं.

नंतरच्या पाच मिनिटांच्या कॉलवर मी विचारलं, काय झालं होतं?

"लाईट गेली की मॅडम. पंखा आधी हळू झाला, तेव्हाच कळलं मला. म्हणून मी दोघांना आधी निरोप टाकलो, मग मोबाइलचं नेट जोडलो."

राऊटरला बॅटरी का नाही, असं विचारलं. तिने सांगितलं की बॅटरी आहे, पण रस्त्यावरचा केबलवाल्याचा डबाच बंद पडतो. म्हणून तिने दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलंय. तिकडे रेंज फक्त माळ्यावर येते. माळ्यावर फोनचं नेट चालू करायला जिना चढली, तिथेच वेळ गेला. मी तिला सांगितलं की फोन आधीपासून लॅपटॉपला वायरने जोडून ठेवायचा, म्हणजे नेट गेलं तरी वायर शोधायला लागत नाही. पण रेंजच माळ्यावर असेल तर लॅपटॉपही माळ्यावर न्यावा लागेल, हे बोलता बोलता माझ्या लक्षात आलं. ती म्हणाली, "पावसात माळा गळतो मॅडम."

आमच्या फॉर्ममध्ये एक चौकोन आहे: संपर्क साठ सेकंदांपेक्षा जास्त तुटला, तर तांत्रिक कारणाने नापास. हा नियम फोनवरच्या कामातून उचललाय. फोनवर लाईन तुटली की ग्राहक गेला. चॅटवर तसं नसतं. मी त्या दोन्ही खिडक्यांत ग्राहक होते. मला दोन मिनिटं मागितली होती आणि ती दोन मिनिटांच्या आत आली. ठिपका मला परीक्षक म्हणून दिसला, ग्राहकाला तो दिसत नाही. खऱ्या ग्राहकाला वीज गेल्याचं कळलंच नसतं.

मी चौकोनावर खूण केली, कारण 1:50 हे खोटं लिहिता येत नाही. बाकी गुण 100 पैकी 91 दिले, महिन्यातले सर्वांत जास्त. शेऱ्यात सगळं लिहिलं आणि फेरचाचणी मागितली. भरतीवाल्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: नियमाप्रमाणे तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल. चॅट त्यांनी उघडून वाचली असेल असं मला वाटत नाही.

तिला मीच कळवलं. ती रडली वगैरे नाही. शिफ्टचं विचारलं. आमची इंग्लंडची शिफ्ट, तिकडचे नऊ ते सहा. उन्हाळ्यात आपल्याकडे दीड ते साडेदहा, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की अडीच ते साडेअकरा. सुट्टी रविवारीच मिळेल असं नाही. तिने वहीत लिहून घेतलं, पेनाचा आवाज मला ऐकू येत होता.

"म्हणजे मी ऑक्टोबरच्या शेवटाला आलो तर अडीचची," ती म्हणाली. "तवर पाऊस पण थांबतोय."

तिची तारीख मी माझ्या कॅलेंडरवर घातली आहे. त्या दिवशीची मॉक माझ्याकडेच यावी म्हणून आजच अर्ज देऊन ठेवला.