व्यवस्थापकांना पाठवलेला ईमेल

मंगळवार, रात्री

जेवणाच्या सुट्टीत चालण्याचा गट सुरू करण्याविषयीचा ईमेल आज अखेर साहेबांना पाठवला. व्यायामाचे फायदे त्यात मुद्दामच लिहिले नाहीत, कारण ते साहेबांना ठाऊक आहेत. त्यांची खरी अडचण काउंटर रिकामे राहण्याची आहे. आमच्या पतसंस्थेत जेवण दोन पाळ्यांत होते, एक ते एक चाळीस आणि एक चाळीस ते दोन वीस. त्यामुळे सर्वांनी एकत्र निघण्याचा विचार सोडून, ‘प्रत्येक पाळीतील इच्छुक कर्मचारी आपल्याच सुट्टीतील शेवटची पंधरा मिनिटे चालतील, सुट्टी वाढवून मागितलेली नाही’ हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात घातले.

वसुली विभागातील सहकाऱ्याचा आग्रह गच्चीवर सामूहिक व्यायामाचा होता. पण भरल्या पोटी उड्या आणि बैठका कोण मारणार, आणि घामेजलेल्या सदऱ्याने ठेवीदारासमोर कसे बसणार? जेवणानंतर बेताच्या गतीने चालणे मात्र सोसते, आणि त्या वेळी पायांचे स्नायू रक्तातील साखर वापरत असल्यामुळे जेवणानंतरची साखरेची चढण थोडी सौम्य होते. वेग किती असावा, यासाठी सोपी खूण लिहिली: चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. रोज पंधरा मिनिटे याप्रमाणे पाच दिवसांची पंचाहत्तर मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे, म्हणजे जेमतेम निम्मा वाटा इथे पडतो. उरलेला ज्याचा त्याने पाहावा. याहून मोठा दावा केला असता, तर साहेबांनी पहिला प्रश्न त्यावरच विचारला असता.

मार्गावर मात्र बराच वेळ गेला. समोरचा रस्ता ओलांडावा लागू नये म्हणून इमारतीमागील कडुनिंबांच्या सावलीतून कुंपणालगत फेऱ्या घालायचे ठरवले. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी एक-दीडच्या उन्हात ती सावलीही पुरणार नाही, आणि तळघरातील पार्किंगमध्ये गाड्यांचा धूर असतो. म्हणून उन्हाळ्यात आणि पावसात दुसऱ्या मजल्यावरील लांब व्हरांडा मागितला. सहभाग ऐच्छिक राहील, हजेरी घेतली जाणार नाही, आणि हृदयविकार, गुडघेदुखी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, हेही नमूद केले. हजेरीचा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत नाजूक आहे. वरिष्ठांच्या नजरेखाली चालायला लागले की जेवणाची सुट्टीही कामात जमा होते.

खर्च काहीच नसल्यामुळे शेवटी दोनच गोष्टी मागितल्या: चार आठवडे करून पाहण्याची परवानगी आणि व्हरांड्याच्या दाराची किल्ली. महिनाअखेरच्या दोन दिवसांत गट बंद राहील, असेही त्याखाली लिहिले. त्या दिवसांत काउंटरवर रांग असते आणि तेव्हा कोणी बाहेर फिरताना दिसले, तर साहेबांनी दिलेली परवानगी सभासदच मागे घ्यायला लावतील.