दप्प की पेपर?

रविवार पेठेतल्या दुकानात पोहे मागितले की दुकानदार मान वर न करता विचारतो, "दप्प की पेपर?" दप्प म्हणजे कन्नडमध्ये जाड. पेपर म्हणजे पेपरच. बेळगावात पोह्यांना घरात एक नाव आणि दुकानात दुसरं, याचं कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटलं नाही. मी म्हणालो, "कुठलेही द्या." त्यानं ढिगातली वरची पिशवी काढून दिली आणि पुढचे दोन रविवार माझे वाया गेले.

आईचे गुडघे धरलेत. स्वयंपाकघरात ती आता स्टुलावर बसून सूचना देते. "आज पोहे तू कर की. मी बसून सांगतो." आई 'सांगतो'च म्हणते. आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात. पुण्याचे पाहुणे त्यावर हसतात, आम्ही त्यांच्या 'येते-जाते'वर. पण त्या रविवारी तिला शेजारच्या काकींनी हाक मारली, ती बाहेर जाऊन बसली आणि सूचना देणारं कुणी उरलं नाही. मी पोहे पातेल्यात घातले, बुडतील इतकं पाणी ओतलं आणि कांदा चिरायला बसलो. दुसरा कांदा संपेपर्यंत पातेल्यात पोहे नव्हतेच. कणकेसारखं काहीतरी होतं. आईनं आत येऊन पाहिलं. "हे काय करून ठेवलास? भिंतीला पोस्टर चिकटवायची आहेत काय?"

पुढच्या रविवारी मी सूड घेतल्यासारखे जाडे पोहे आणले. गेल्या वेळी पाण्यानं घात केला म्हणून या वेळी पोह्यांना पाणी फक्त दाखवलं आणि लगेच तापलेल्या फोडणीत ढकलले. वरून हळदीचे झकास पिवळे दिसत होते. दाताखाली मात्र मध्ये टणक कण लागत होता. वडील काही न बोलता चहात खारी बुडवून खात राहिले.

तिसऱ्या रविवारी आई स्टुलावरून उठली नाही, की काकींकडे गेली नाही. तिनं आधी मला दोन्ही पोहे चिमटीत धरायला लावले. पातळ पोहा उजेडात धरला तर पलीकडचं बोट अंधुक दिसतं. फुंकर मारली की उडतो. जाडा दिसायला आटोपशीर, पण हाताला जाणवतो. मग तिनं मापाची वाटी पुढे केली. पातळ पोह्यांची वाटी भरलेली दिसते, पण तिच्यात बरीचशी हवाच असते. जाड्यांची तीच वाटी वजनाला कितीतरी जास्त भरते. म्हणून पातळ पोह्यांच्या अंदाजानं जाडे घेतले, तर पाणी, मीठ, फोडणी सगळंच कमी पडतं. हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

दोन्ही पोहे मुळात शिजलेलेच असतात. खानापूरकडे शेतात दिसतं ते भात, म्हणजे टरफलासकटची साळ, आधी पाण्यात भिजवतात, मग तापलेल्या वाळूत भाजतात आणि गरम, मऊ असतानाच दाबून चपटं करतात. जास्त दाबलं की पातळ, कमी दाबलं की जाडे. शिजणं त्या भट्टीतच झालेलं असतं. आपल्याला घरी फक्त गेलेलं पाणी परत द्यायचं असतं, आणि सगळी गोम या पाणी देण्यात आहे.

मी समजत होतो, पोहे पाण्यात भिजतात. आई म्हणाली, "पाण्यात नव्हे रे, पाणी काढल्यावर भिजतात." तिनं सांगितलं तसं मी केलं. दोन वाट्या जाडे पोहे आधी चाळून घेतले. खाली पडलेला भुसा आणि कणी टाकून दिली, कारण तीच आधी विरघळते आणि बाकीच्यांना एकमेकांना चिकटवते. मग पोहे रोवळीत घेऊन नळाखाली दोनदा हलक्या हातानं धुतले. पाण्याशी गाठ एवढीच, मिनिटभराची. रोवळी परातीवर ठेवली, वर ताट झाकलं आणि दहा मिनिटं हात लावला नाही. त्या दहा मिनिटांत, अंगाला लागलेलं पाणी हळूहळू आत गाभ्यापर्यंत जातं. ते बुडवून ठेवले तर आत पाणी जाईपर्यंत बाहेरचा थर फुटून जातो. म्हणजे लगदा. आणि ती दहा मिनिटं दिली नाहीत, तर कढईच्या तापानं वरचं पाणी उडून जातं, आतलं कोरडं ते कोरडंच. म्हणजे माझा दुसरा रविवार.

झालं की नाही हे पाहायला आईनं एक पोहा अंगठा आणि बोटात धरून दाबला. तो सहज चुरडला, पण दाबेपर्यंत आकार धरून होता. मधे कचकच लागली असती तर पाण्याचा एक हबका मारून आणखी पाच मिनिटं झाकायचं. मीठ, चिमूटभर साखर तेव्हाच वरून भुरभुरून बोटांनी मोकळं करायचं. डाव नको, त्यानं ते चुरडतात.

"पावसात हबका जरा कमी हं," ती म्हणाली. जुलैत इथं भिंतींनाही ओल येते. डबा सैल असला तर पोहेही हवेतलं पाणी पिऊन मऊ पडलेले असतात. एप्रिलमध्ये तेच खडखडीत होतात आणि जास्त पाणी मागतात. त्यामुळे मिनिटं मोजण्यापेक्षा बोटांनी दाबून बघणं बरं.

कढईत मग फार काही उरत नाही. शेंगदाणे, मोहरी, हिरवी मिरची, कांदा, हळद, पोहे, बारीक गॅस आणि झाकण, तीनेक मिनिटं. झाकण काढून परतत बसलं की वाफ जाते आणि चांगले भिजलेले पोहेही चामट होतात. कच्चे आणि चामट यांत फरक असतो. कच्च्याच्या मध्यभागी कण लागतो, चामटाचं सगळं अंगच ताठ असतं. आणि गार झाल्यावर ते ताठतात, तसा आदल्या रात्रीचा भातही सकाळी ताठतो. तो पोह्यांचा दोष नव्हे. पाण्याचा हबका मारून झाकून गरम केले की परत मऊ होतात.

राहिलेल्या पातळ पोह्यांची अर्धी पिशवी आईनं हिसकावली. "याला नळ दाखवायचाच नाही." परातीत घेऊन कांदा, टोमॅटो, ओला नारळ, मीठ घालून तिनं ते हातानं कालवले आणि झाकून ठेवले. कांदा-टोमॅटोला सुटलेलं पाणी त्यांना पुरलं. वरून फोडणी. पाव तासात तयार. उरलेले तिनं दिवाळीच्या चिवड्यासाठी डब्यात घट्ट बंद केले आणि डब्यावर कागद चिकटवून ठळक लिहिलं, 'पातळ. याला हात लावू नये.'

मी नाव विचारलं नाही. कुणासाठी आहे ते कळलंच.

आता दुकानदार मान वर न करता विचारतो, "दप्प की पेपर?" मी म्हणतो, "दप्प, अर्धा किलो." परवा त्यानं मान वर केली. "चिवड्याला की नाष्ट्याला?"

मला वाटतं, आई त्याच्याशी बोलून आली असावी.